पासबुकातल्या १७ रुपये ७० पैशांचा हिशेब

बचत खात्यातून बँक जे शुल्क परस्पर कापून घेते, त्याची बहुतेक खातेदारांना पहिली ओळख होते ती एखाद्या विचित्र आकड्यातून. १७.७०, १४७.५०, २३६, २९५, ५९० असल्या रकमा पासबुकात खर्चाच्या बाजूला दिसतात आणि त्यांच्यापुढे चार-सहा इंग्रजी अक्षरे असतात. ती अक्षरे प्रत्येक बँकेत वेगळी असतात, त्यामुळे ती पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. आकडा मात्र बोलका असतो. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. बँक आपले शुल्क गोल ठेवते, त्यावर कर चढतो आणि पासबुकात उतरते ती वाकडीतिकडी बेरीज. म्हणून अशा रकमेला १.१८ ने भागायचे. १७.७० चे १५ होतात, १४७.५० चे १२५, २३६ चे २००, २९५ चे २५० आणि ५९० चे ५००. उत्तर असे स्वच्छ आले की ते बँकेचे शुल्क असण्याची शक्यता बरीच वाढते. काही बँका शुल्क आणि कर अशा वेगळ्या नोंदी करतात. मग १५ रुपयांच्या खालीच २.७० ची नोंद सापडते किंवा केंद्र आणि राज्य असे कराचे दोन समान भाग दिसतात.

याच कसोटीवर काही रकमा बाजूलाही पडतात. मे महिन्याच्या अखेरीस अनेक खात्यांतून २० रुपये आणि ४३६ रुपये जातात. त्यांना १.१८ ने भागून काहीच धड उत्तर येत नाही, कारण ते शुल्क नव्हेच. ते पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा या योजनांचे वार्षिक हप्ते आहेत. बँकेच्या काउंटरवर त्यांच्यावरून वाद घालण्याआधी आपण तो अर्ज भरला होता का, हे आठवून पाहिलेले बरे.

सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी समजलेला आकार म्हणजे किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. येथे एक गैरसमज फार घट्ट बसलेला आहे. शिल्लक एखाद्या दिवशी ठरलेल्या रकमेखाली गेली की दंड लागतो, असे लोक धरून चालतात. बहुतेक बँका प्रत्यक्षात सरासरी पाहतात. महिन्यातल्या प्रत्येक दिवसाच्या अखेरीची शिल्लक घ्यायची, त्या सगळ्यांची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचे. स्टेटमेंटवर याला MAB किंवा AMB म्हटलेले असते. हाच हिशेब तीन महिन्यांवर केला तर QAB.

समजा, एका खात्याला १०,००० रुपये सरासरी ठेवण्याची अट आहे आणि एप्रिलचे ३० दिवस आहेत. पहिले दहा दिवस १६,००० रुपये होते. मग घरभाडे गेले आणि पुढचे दहा दिवस ६,००० राहिले. शेवटचे दहा दिवस २,००० होते. बेरीज १,६०,००० अधिक ६०,००० अधिक २०,००० म्हणजे २,४०,००० होते आणि सरासरी ८,००० येते. महिनाअखेरीस खात्यात दोनच हजार असले, तरी तूट आठ हजारांची नसून २,००० रुपयांची आहे. बँकेचा दर तुटीच्या ६ टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये असा असेल, तर दंड १२० रुपये. त्यावर २१.६० रुपये कर, म्हणजे खात्यातून १४१.६० जातील. भागून पाहिले तर पुन्हा १२० हजर.

या हिशेबाची दुसरी बाजू कामाची आहे. सरासरी गाठायला महिन्याची बेरीज ३,००,००० व्हायला हवी होती, म्हणजे ६०,००० ची कमतरता राहिली. ती भरून काढायला १२,००० रुपये शेवटचे पाच दिवस खात्यात राहू दिले असते, तरी चालले असते. हातात मोठी रक्कम असेल तर एका रात्रीपुरते ६०,००० ठेवूनही तोच परिणाम साधतो. महिनाभर पैसे अडकवून ठेवण्याची गरज नसते. फक्त ठेव दिवसअखेरीच्या शिल्लकेत दिसली पाहिजे. सकाळी भरले आणि संध्याकाळी काढले, तर त्याचा उपयोग शून्य. खात्याला मुदत ठेवीत आपोआप पैसे वळवण्याची सोय जोडलेली असेल, तर वळवलेली रक्कम सरासरीत धरली जाते का, हे शाखेत विचारून घ्यावे लागते. बँकागणिक उत्तर बदलते.

दंड कसा लावायचा, याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ते नोव्हेंबर २०१४ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यांनुसार शिल्लक कमी पडल्याची सूचना बँकेने एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने द्यायची आणि ती भरून काढायला एक महिन्याची मुदत ठेवायची. दंड तुटीच्या प्रमाणात असायला हवा. दोनशे रुपये कमी पडले काय आणि नऊ हजार कमी पडले काय, सरसकट एकच आकडा लावायला हे नियम वाव देत नाहीत. टक्केवारीऐवजी तुटीचे टप्पे पाडण्याची मुभा मात्र आहे. आणखी एक अट अशी की निव्वळ या दंडापायी खाते उणे होता कामा नये.

या शेवटच्या अटीतून एक वेगळाच प्रकार दिसू लागतो. खात्यातले पैसे संपले की शिल्लक शून्यावर थांबते, पण थकलेले शुल्क काही ठिकाणी बँकेच्या नोंदीत राहते आणि पुढे पैसे आले की अडवून ठेवले जाते. ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि वापरता येण्याजोगी शिल्लक हे दोन आकडे वेगळे दिसले, किंवा lien हा शब्द दिसला, तर नेमकी कशाची रक्कम अडवली आहे, ते लेखी विचारावे. किमान शिल्लकेच्या दंडापोटी असेल, तर वर सांगितलेल्या नियमाचा हवाला द्यायला हरकत नाही.

या सापळ्यात सर्वाधिक अडकतात ती जुनी पगार खाती. नोकरी बदलते, पगार दुसऱ्या बँकेत जाऊ लागतो आणि जुन्या खात्यात तीन-चार हजार पडून राहतात. काही महिने पगार आला नाही की बँक त्या खात्याची झिरो बॅलन्सची सवलत काढून त्याला साधे बचत खाते करते. तेव्हापासून किमान शिल्लकेची अट लागू होते आणि दर महिन्याला थोडे थोडे पैसे झिरपत राहतात. खात्यात दोन वर्षे खातेदाराने कोणताच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते आणि त्यानंतर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही. पण तोवर त्यात बहुधा काही उरलेले नसते.

सगळ्याच बँका हा दंड घेत नाहीत. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यावरची ही अट काढून टाकली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही तेच केले. शिवाय मूलभूत बचत ठेव खाते हा प्रकार प्रत्येक बँकेत मिळतो. त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि साधे एटीएम कार्डही फुकट असते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

एसएमएसचे शुल्क रकमेने किरकोळ, पण सर्वांत जास्त खात्यांना चिकटलेले. ते सहसा तिमाहीला कापले जाते. १५ रुपये आणि कर, म्हणजे १७.७०. वर्षाला होतात सत्तर रुपये ऐंशी पैसे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगून ठेवले आहे की हे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावे. त्यामुळे तिमाहीत दोन-तीनच व्यवहार असलेल्या खात्यालाही पूर्ण १५ रुपये लागत असतील, तर विचारणा करण्यासारखी जागा आहे. शुल्क वाचवायला संदेशच बंद करणे हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले, तर ते किती लवकर कळवले यावर खातेदाराची जबाबदारी ठरते आणि कळण्याचे पहिले साधन तो संदेशच असतो. रोजची किंवा आठवड्याची शिल्लक कळवणारे जादा संदेश कधी सुरू केले असतील, तर ते खुशाल बंद करावेत.

डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क वर्षातून एकदाच येते, म्हणून ते नजरेतून निसटते. पुष्कळदा पहिले वर्ष मोफत असते आणि नोंद दिसते ती दुसऱ्या वर्षी, कार्ड मिळाले त्या महिन्याच्या आसपास. कार्ड वापरले का, हा प्रश्नच येत नाही. ते कपाटात पडून असले तरी शुल्क लागते. संयुक्त खात्यावर पती-पत्नी दोघांची कार्डे असतील, तर नोंदीही दोन. खरा फरक कार्डाच्या प्रकाराने पडतो. स्टेट बँकेच्या साध्या कार्डाचे वार्षिक शुल्क एप्रिल २०२४ पासून १२५ वरून २०० रुपये झाले, म्हणजे करासह २३६. प्लॅटिनम वगैरे भारदस्त नावाच्या कार्डांना याहून अधिक लागते. शाखेत खाते उघडताना किंवा जुन्या कार्डाची मुदत संपल्यावर असे वरचे कार्ड हाती येते आणि त्यावरच्या विमानतळ-लाउंजच्या सवलतीचा उपयोग शून्य असतो. साधे कार्ड मागून घेता येते, किंवा कार्ड परतही करता येते. कार्डाशिवाय यूपीआयचा पिन आधारच्या आधारेही ठेवता येतो, पण ती सोय आपल्या बँकेत आहे का, हे कार्ड परत करण्याआधी पाहून घ्यावे.

शुल्क शोधायला पासबुकापेक्षा स्टेटमेंट सोयीचे. नेट बँकिंगमधून १ एप्रिल ते ३१ मार्च अशा पूर्ण वर्षाचे स्टेटमेंट एक्सेल स्वरूपात उतरवून घ्यावे आणि खर्चाच्या रकाण्यातल्या रकमा लहानाकडून मोठ्याकडे लावाव्यात. तिमाहीचे १७.७० चार वेळा एकाखाली एक येतात. १४१.६० सारख्या नोंदी पाठोपाठच्या महिन्यांत दिसल्या, तर तो किमान शिल्लकेचा दंड. तो ज्या महिन्यात कापला जातो, त्याच्या आधीच्या काळाचा असतो, त्यामुळे सरासरी काढताना मागचा महिना घ्यावा लागतो. CHRG, CHGS, AMC, FEE ही अक्षरे शोधली तरी उरलेल्या बऱ्याच नोंदी हाती लागतात. मग बँकेच्या संकेतस्थळावरचे Schedule of Charges उघडून आकडा ताडून पाहायचा.

आकडा जुळला नाही, किंवा दंडाआधी सूचनाच आली नव्हती, तर शाखेला किंवा ग्राहक सेवेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. शुल्क परत करण्याचे अधिकार बँकेकडे असतात आणि पहिल्या वेळी अनेकदा ते परत मिळतेही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. या तक्रारीला कोणतेही शुल्क नाही.