बंद सर्व्हरच्या नावाची चिठ्ठी

ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये डायनॅमो या आपल्या साठवण यंत्रणेबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. अट अशी, की आतमध्ये काहीही बंद पडो, ग्राहकाला कार्टमध्ये वस्तू टाकता आलीच पाहिजे. ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणणं दुकानाला परवडत नाही.

डायनॅमोत एका नोंदीच्या सहसा तीन प्रती तीन सर्व्हरवर असतात. दोघांची पोच आली की लेखन पक्कं, आणि वाचतानाही दोघांच्या उत्तराची वाट पाहायची. तिघांतून दोनदा दोघं निवडले की एक जण सामाईक निघतोच, आणि ताजी नोंद त्याच्याकडे सापडते. हा कडक कोरम.

आता एका कार्टचे ठरलेले सर्व्हर अ, ब आणि क आहेत असं धरू. ब आणि क नेटवर्कमधून दिसेनासे झाले. कडक नियमाने ग्राहकाला परत पाठवावं लागेल. डायनॅमो मात्र त्यांच्या जागी ड आणि इ हे पुढचे चालू सर्व्हर धरतो. हा स्लॉपी कोरम. ड कडे आलेल्या प्रतीला चिठ्ठी जोडलेली असते: ही खरी ब ची. ड ती वेगळ्या जागी ठेवतो, ब परत आला का हे अधूनमधून पाहतो, आला की प्रत त्याला देतो आणि मगच आपल्याकडची पुसतो. इ हेच क साठी करतो. याला हिंटेड हँडऑफ म्हणतात.

गोम पुढे आहे. ग्राहकाने कार्टमध्ये पुस्तक टाकलं तेव्हा अ संथ होता. पोच आली ती ड आणि इ यांची. दोन झाल्या, लेखन यशस्वी. तेवढ्यात ब आणि क परतले, चिठ्ठीवाल्या प्रती मात्र अजून पोचायच्या होत्या. ग्राहकाने कार्ट उघडलं, ब आणि क यांनी आधी उत्तर दिलं, आणि पुस्तक गायब! २ + २ > ३ हे गणित चुकलेलं नाही; ते तिघांपुरतं खरं होतं, आणि इथे पाच जण आले. थोड्या वेळाने पुस्तक आपोआप दिसू लागतं. कार्टसाठी हे चालून जातं, बँकेच्या शिलकेसाठी मी तरी ते चालवून घेणार नाही.

त्याच घराण्यातल्या कॅसँड्राने सावध वाट धरली. तिथे चिठ्ठी लिहिली जाते, पण ती कोरममध्ये मोजत नाहीत. ठरलेले पुरेसे सर्व्हर हजर नसतील तर लेखन नाकारलं जातं. अपवाद फक्त `ANY` या सर्वांत ढिल्या पातळीचा. शिवाय एखादा सर्व्हर मूळ मांडणीप्रमाणे तीन तासांहून जास्त बंद राहिला, तर त्याच्यासाठी नव्या चिठ्ठ्या लिहिणं थांबतं. नाहीतर जिवंत सर्व्हरची डिस्कच चिठ्ठ्यांनी भरेल. त्यामुळे रात्रभर बंद राहिलेलं मशीन सकाळी ‘चालू’ दिसतं, तरी त्याच्या नोंदींत भोकं असतात. ती बुजवायला `nodetool repair` चालवावं लागतं, आणि तेही मूळ मांडणीतल्या दहा दिवसांच्या मुदतीत. त्यानंतर ‘हे पुसलं’ अशा खुणा इतर सर्व्हरांवरून साफ होऊ शकतात, आणि मग या मशीनवरची जुनी प्रत पुसलेली नोंद पुन्हा सगळीकडे पसरवते.