वाक्यांचे सांधे : सातारा-सांगलीकडील शालेय निबंधलेखनाचा मागोवा

मराठी गद्यात विरामचिन्हे आली ती छापखान्याबरोबर आणि इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने, आणि या आगमनाशी मेजर थॉमस कँडी यांचे नाव 1850च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तिकेमुळे कायमचे जोडले गेले आहे. त्याआधी सातारच्या गादीचा पत्रव्यवहार ज्या मोडी लिपीत चाले, तिच्यात आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा नेम नसे, मग स्वल्पविराम किंवा पूर्णविराम कोठून असणार? तरीही वाचणाऱ्याचे अडत नसे, याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘आला’, ‘गेले’, ‘करावे’ असे पूर्ण क्रियापद (म्हणजे ज्याने विधान पुरे होते ते रूप) कानावर पडताच एक विधान संपले हे कळते, आणि ‘तरी’, ‘ऐशास’ यांसारखे ठरीव शब्द पुढच्या मजकुराची सुरुवात दाखवतात.

आजच्या विद्यार्थ्याच्या कच्च्या निबंधात जी चूक सर्वांत अधिक दिसते, तिचे मूळ याच गुणात आहे. क्रियापदानेच वाक्य संपल्याचे कळत असल्यामुळे लिहिणारा पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम देऊन पुढे जातो किंवा काहीच चिन्ह न देता पुढचे वाक्य सुरू करतो. पहिल्या प्रकाराला स्वल्पविरामी जोड आणि दुसऱ्याला सलग वाक्य म्हणता येईल. इंग्रजीच्या वर्गात दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे ही जवळजवळ सरसकट चूक मानली जाते. मराठीत तसे नाही, कारण एकाच कर्त्याच्या किंवा एकाच प्रसंगातल्या लहान क्रियांची माळ स्वल्पविरामांनी ओवणे ही या भाषेची जुनी आणि निर्दोष रीत आहे. म्हणून मराठी निबंध तपासताना सगळे स्वल्पविराम मोडून काढणे ही दुरुस्ती ठरत नाही.

1919 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ती साताऱ्यात आली. त्याच वर्षी सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. रयतेच्या वसतिगृहांतून आणि शाळांतून ज्या घरांत पूर्वी कोणी निबंध लिहिला नव्हता, त्या घरांतली मुले लिहू लागली आणि बोलण्याची लय कागदावर उतरू लागली. माणदेशातून आलेले व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या गद्याने ही लय छापील मराठीत किती समर्थपणे उभी राहू शकते हे पुढे दाखवून दिले. वर्गातली लाल शाई मात्र दुसरीकडे गुंतली होती. 1962 साली शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांचा भर अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांवर होता. वाक्यांच्या सांध्यांविषयी ते जवळजवळ मौन बाळगतात. सांधे व्याकरणाच्या तासाला वाक्यपृथक्करणात शिकवले जात, म्हणजे तयार वाक्याचे केवल, संयुक्त किंवा मिश्र असे प्रकार ओळखले जात. मुलाने स्वतः लिहिलेले वाक्य कोठे तोडावे आणि का, हा प्रश्न त्या तासात क्वचितच येई.

या प्रश्नाचे स्वरूप नमुन्यादाखल रचलेल्या एका परिच्छेदावरून स्पष्ट होईल. माण किंवा आटपाडीकडच्या विद्यार्थ्याने दुष्काळातल्या चारा छावणीवर लिहिले आहे, असे समजावे :

‘त्या वर्षी पाऊस पडला नाही, विहीर आटली, बोअर गेलं, आबा म्हणाले जनावरं छावणीत न्यावी लागणार, आई काही बोलली नाही, आम्ही गाडीत भांडी भरली, खोंड मागं बांधला छावणी लांब होती, आजी घरीच राहिली, तिला डोळ्यांनी कमी दिसायचं माझी दहावी होती.’

या मजकुरावर नेहमी होणारा संस्कार असा : ‘पर्जन्यवृष्टी न झाल्यामुळे जलस्रोत आटले, त्यामुळे आबांनी जनावरांना छावणीत नेण्याचा निर्णय घेतला.’ व्याकरणाने यात खोट नाही. तरी आबांचे बोलणे गेले, आईचे गप्प राहणे गेले, आणि एकामागून एक आटत गेलेल्या पाण्याचा क्रम ‘मुळे’ या एका अव्ययात संपला. चूक सांध्यात होती आणि बदलले गेले शब्द. असे तपासणे मुलाच्या लेखनावर अन्याय करणारे आहे.

सांध्यापुरते पाहिले, तर प्रत्येक स्वल्पविरामापाशी दोन गोष्टी तपासाव्या लागतात : पुढे बोलणारा, करणारा किंवा वेळ बदलते का, आणि दोन विधानांमध्ये ‘आणि’ सहज बसतो का. पहिल्या तीन विधानांत ‘आणि’ बसतो, ती तिन्ही पाण्याविषयीच आहेत आणि मोठ्याने वाचताना आवाज ‘बोअर गेलं’ येथेच खाली येतो; म्हणून तेथले दोन स्वल्पविराम राहावेत आणि पूर्णविराम तिसऱ्यानंतर यावा. आबांचे बोलणे हे नवे वाक्य आहे, आणि ‘म्हणाले’नंतर एक स्वल्पविराम पुरतो. आईचे वाक्य एकटे ठेवावे, कारण त्याचे बळ त्याच्या लहानपणात आहे. ते ‘पण’ने आबांच्या वाक्याला जोडले, तर आईचा विरोध सूचित होईल, जो मुलाने लिहिलेला नाही. भांडी भरणे आणि खोंड बांधणे या क्रिया एकाच कर्त्याच्या असल्याने त्यांची माळ तशीच राहील, मात्र ‘बांधला’नंतर थांबणे भाग आहे, कारण पुढे विषय छावणीच्या अंतराचा आहे.

‘त्या वर्षी पाऊस पडला नाही, विहीर आटली, बोअर गेलं. आबा म्हणाले, जनावरं छावणीत न्यावी लागणार. आई काही बोलली नाही. आम्ही गाडीत भांडी भरली, खोंड मागं बांधला. छावणी लांब होती.’

येथपर्यंत एकही शब्द बदललेला नाही, आणि ‘मागं’, ‘गेलं’ ही बोलीची रूपेही जागच्या जागी आहेत. त्यांचा निर्णय हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विरामचिन्हांच्या दुरुस्तीत मिसळू नये. पुढचा भाग मात्र केवळ चिन्हांनी सुटत नाही. आजी घरी राहिली ती दृष्टी अधू असल्यामुळे, की कोणीतरी घर सांभाळायला हवे होते म्हणून? दहावीचा उल्लेख आजीच्या राहण्याशी जोडलेला आहे, मुलाच्या छावणीत जाण्याशी, की तो स्वतंत्र दुःख म्हणून शेवटी आला आहे? तपासणाऱ्याने येथे ‘कारण’ किंवा ‘तरीही’ घातले, तर तो वाक्य दुरुस्त करण्याऐवजी घटनेचा अर्थ ठरवतो. सलग वाक्याचा खरा दोष येथेच दिसतो : संबंध लिहिणाऱ्याच्या मनात असतो, कागदावर येत नाही, आणि म्हणून वाचणारा तो आपल्या मनाने भरतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. वर्णनात किंवा आठवणीत जी माळ शोभते, ती वैचारिक निबंधात बहुधा शोभत नाही, कारण तेथे एक विधान दुसऱ्याचे कारण आहे, परिणाम आहे की अपवाद, हे अव्ययांनी सांगावेच लागते. ‘ऊस वाढला, पाणी खोल गेलं, सोसायटीचं कर्ज वाढलं’ एवढ्याने युक्तिवाद होत नाही. उलट तुटक वाक्यांचा अतिरेकही होतो, आणि प्रत्येक क्रियापदानंतर पूर्णविराम दिलेला परिच्छेद मुलाचा आवाज तितकाच हरवतो.

म्हणून सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की निबंध हाती घेताच लाल शाई उघडू नये. आधी तो लिहिणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आवाज जेथे खाली येतो तेथे शिसपेन्सिलीने बारीक रेघ ओढावी, आणि जेथे दोन वाक्यांमधला संबंध कळत नाही तेथे शब्द न घालता समासात प्रश्न लिहून उत्तर त्याच मुलाला लिहू द्यावे.