जॅम का जमत नाही?

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात दादरच्या बाजारात आली म्हणजे घरोघरी जॅमची तजवीज होते. परंतु तो पातळ राहिल्यास कसूर बहुधा साखरेची नसून पेक्टिनची वा आम्लाची असते. फळातील पेक्टिनचे लांब रेणू ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात; आम्ल तो भार घटविते, साखर त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेते, आणि मग ते परस्परांत गुंतून जे जाळे विणतात, त्यातच रस अडकून राहतो.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन अल्प. म्हणून १ किलो फळास १ किलो साखर घेताना दोन लिंबांचा रस आरंभीच घालावा. हा ऐवज आटून सुमारे १.६ किलो उरला, म्हणजे त्यात साखरेचा अंश शेकडा ६५ च्या वर गेला, असे समजावे. समुद्रसपाटीवरील गिरगावात तापमापक त्या वेळी १०५ अंश सेल्सिअस दाखवितो. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच कमी उष्णतेस उकळत असल्याने तेथे हा आकडा सुमारे १०० वर येतो.

तापमापक नसल्यास थंड बशीवर थेंब टाकून, आच बंद करून, मिनिटभराने बोटाने ढकलावा. पृष्ठभागावर सुरकुती पडली तर जॅम सिद्ध झाला. न पडल्यास आणखी दोन मिनिटेच उकळावे, कारण दीर्घ उकळीने पेक्टिनच तुटते; आणि आम्ल अतिरिक्त झाल्यास जमलेल्या जॅममधून पाणी सुटू लागते.