सरळ रेषेवर न बसणारे दोन आकडे

१८८२च्या उन्हाळ्यात सायमन न्यूकम हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ प्रकाशाचा वेग मोजत होते. पोटोमॅक नदीच्या एका तीरावर, व्हर्जिनियातल्या फोर्ट मायरला त्यांचा फिरता आरसा होता. पलीकडच्या तीरावर वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी दुसरा, स्थिर आरसा. प्रकाश तिथवर जाऊन परत यायचा, म्हणजे सुमारे ७,४४० मीटरचा फेरा. त्याला लागणारा वेळ एका सेकंदाच्या अडीच कोटीव्या भागाइतका नसून चाळीस हजाराव्या भागाच्या आसपास, आजच्या भाषेत सुमारे २४,८०० नॅनोसेकंद. अशी ६६ मोजमापं आज संख्याशास्त्राच्या पुस्तकांत छापली जातात. आकडे आटोपशीर व्हावेत म्हणून प्रत्येकातून २४,८०० वजा केलेले असतात, त्यामुळे यादी २८, २६, ३३, २४, ३४ अशी सुरू होते. सहावा आकडा येतो उणे ४४. दहावा उणे २. बाकीचे सगळे १६ ते ४०च्या दरम्यान.

अशा यादीची सरासरी काढण्याआधी आणि 'चूक इतकी इतकी असू शकते' असं सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. हे आकडे प्रसामान्य वितरणातून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या त्या ओळखीच्या वक्रातून आलेत असं मानता येईल का? बहुतेक जण त्यासाठी आयतालेख काढतात. पण आयतालेखाची अडचण अशी की खाने किती रुंद घ्यायचे ते आपण ठरवतो, आणि रुंदी बदलली की आकारही बदलतो. शिवाय डोळा जातो मधल्या उंच खांबांकडे. खरा घोळ असतो कडेला, जिथे खांब बुटके असतात आणि एकमेकांपासून वेगळे ओळखूच येत नाहीत.

क्वांटाइल-क्वांटाइल आलेख, थोडक्यात क्यू-क्यू आलेख, नेमका या कडांकडे बघतो. कल्पना साधी आहे. आकडे चढत्या क्रमाने रांगेत उभे करायचे आणि प्रत्येकाला विचारायचं, 'तू रांगेत ज्या जागी उभा आहेस, त्या जागी घंटेच्या वक्रातला आकडा कुठे असता?'

न्यूकमच्या यादीवर हे करून पाहू. सर्वांत लहान आकडा उणे ४४, रांगेत पहिला. त्याची जागा म्हणजे १मधून अर्धा वजा करून ६६ने भागायचं, ०.००७६. अर्धा वजा करायचा कारण प्रत्येक आकडा रांगेतल्या आपल्या घराच्या मधोमध उभा आहे असं धरायचं. अॅलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९१४मध्ये जलाशयांच्या साठवणीचा हिशेब करताना हीच रीत वापरली होती. आता प्रमाणित प्रसामान्य वितरणात, ज्याची सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ असतं, ज्याच्या डावीकडे ०.००७६ इतकाच भाग उरतो तो बिंदू कोणता? उणे २.४३. म्हणून पहिला ठिपका आडव्या अक्षावर उणे २.४३ आणि उभ्या अक्षावर उणे ४४ इथे. दुसरा आकडा उणे २, त्याचा जोडीदार उणे २.००. तिसरा १६, जोडीदार उणे १.७८. असं करत ६६वा आकडा ४०, त्याचा जोडीदार अधिक २.४३.

आकडे खरोखर प्रसामान्य असतील तर हे ठिपके एका सरळ रेषेजवळ पडतात. कारण कुठलंही प्रसामान्य वितरण म्हणजे त्या प्रमाणित वितरणाला प्रमाण विचलनाने गुणून सरासरी मिळवलेली असते. म्हणून रेषेचा चढ म्हणजे प्रमाण विचलन आणि मधली उंची म्हणजे सरासरी.

आता रेषा कुठून काढायची? इथे बरेच जण फसतात. ६६ आकड्यांची सरासरी २६.२ आणि प्रमाण विचलन १०.७ येतं. त्यांवरून रेषा काढली तर ती वरच्या टोकाला ५२ची अपेक्षा करते आणि तिथे सापडतात ४०. तिसऱ्या ठिपक्याकडून ती ७ मागते, तिथे आहेत १६. म्हणजे चांगले वागणारे ठिपकेही रेषेपासून दूर पडलेले दिसतात. दोष त्यांचा नाही. त्या दोन विचित्र आकड्यांनी प्रमाण विचलन दुपटीने फुगवलं आणि रेषाच उभी करून टाकली. म्हणून आर या संगणकप्रणालीत रेषा पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातून काढतात:

```
qqnorm(x)
qqline(x)
```

न्यूकमच्या यादीत ही चतुर्थकं २४ आणि ३०.७५ आहेत. त्यांच्यामधून जाणाऱ्या रेषेचा चढ येतो साधारण ५. ती वरच्या टोकाला ३९.५ मागते, तिथे ४० आहेत. त्याच्या खालच्या ठिपक्याला ३७.४ मागते, तिथे ३९. तिसऱ्या ठिपक्याला १८.५ मागते, तिथे १६. चौसष्ट ठिपके रेषेला धरून चालतात. आणि डावीकडे खाली दोन ठिपके तुटून पडलेले: जिथे १५ हवे तिथे उणे ४४, जिथे १७ हवे तिथे उणे २. जवळून पाहिलं तर रेषेवरच्या ठिपक्यांच्या छोट्या आडव्या पायऱ्याही दिसतात. आकडे पूर्णांकात नोंदल्यामुळे २८ हा आकडा सात वेळा आला आहे, त्या सातांची एक पायरी. तिला विकृती समजू नये.

दोन ठिपके तुटलेले असणं आणि सगळी ओळच वाकलेली असणं, यांतला फरक ओळखता आला की या आलेखाचं अर्धं वाचन जमलं असं मी म्हणेन.

वाकलेली ओळ कशी दिसते? एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उभं राहून पाठोपाठ जाणाऱ्या गाड्यांमधला वेळ मोजला आणि त्याची सरासरी १० सेकंद निघाली असं समजा. गाड्या एकमेकींशी संबंध न ठेवता येत असतील तर हा वेळ घातांकी वितरण पाळतो. त्याचे आकडे गणितानेच काढता येतात: चतुर्थकं २.९ आणि १३.९ सेकंद, मध्यक ६.९. चतुर्थकांतून रेषा काढली तर खालच्या पाच टक्क्यांच्या जागी ती उणे ५ सेकंद मागते. दोन गाड्यांमध्ये उणे पाच सेकंद असूच शकत नाहीत. तिथे खरा आकडा अर्धा सेकंद आहे, रेषेच्या वर. मधोमध रेषा ८.४ मागते, आकडा ६.९, रेषेच्या खाली. वरच्या पाच टक्क्यांपाशी रेषा २२ मागते, आकडा ३०, पुन्हा वर. दोन्ही टोकं वर, पोट खाली, म्हणजे वाटीसारखा आकार. याला उजवी विषमता म्हणतात. डावीकडे शून्याची भिंत आहे म्हणून आकडे तिथे दाटतात, उजवीकडे मोकळं रान आहे म्हणून लांबवर जातात. रोजचा पाऊस असाच असतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पडला, पण शून्याच्या खाली पाऊस पडत नाही. वाटी पालथी दिसली तर विषमता डावी: अवघड नसलेल्या परीक्षेचे गुण, जिथे शंभराची भिंत वर असते.

वाटी दिसली की आकड्यांचा लॉगरिदम घ्यायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो डोळे मिटून पाळू नये. गाड्यांच्या या उदाहरणात लॉगरिदम घेतला तर वाटी पालथी होते, कारण लहान वेळा शून्याजवळून एकदम खोल खाली ओढल्या जातात. घनमूळ घेतलं तर ठिपके जवळपास सरळ होतात. रूपांतर केल्यावर आलेख पुन्हा काढून बघावाच लागतो.

तिसरा आकार शेअर बाजारात दिसतो. सेन्सेक्सच्या रोजच्या टक्केवारीतल्या चढउतारांचं प्रमाण विचलन दीड टक्का धरू. वीस वर्षांत कामकाजाचे सुमारे पाच हजार दिवस येतात. तेवढ्या रांगेत टोकाच्या ठिपक्याचा जोडीदार ३.७ असतो, म्हणजे घंटेचा वक्र सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या दिवसासाठी साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा आकडा मागतो. प्रत्यक्षात १८ मे २००९ रोजी सेन्सेक्स १७ टक्क्यांहून जास्त वर गेला आणि २३ मार्च २०२० रोजी १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. आलेखात मधला भाग सरळ, डावं टोक रेषेच्या खाली आणि उजवं रेषेच्या वर निघून जातं. हीच जाड शेपूट. इथे ठिपके न्यूकमच्या त्या दोघांसारखे एकदम तुटत नाहीत; टोकाकडे जाताना एकामागून एक रेषेपासून सरकत जातात. एखाद दुसरा ठिपका तुटलेला असेल तर मोजणीत काही बिघडलं का ते तपासावं. पण ओळच्या ओळ हळूहळू वळत असेल तर ते आकडे खरे आहेत, आणि घंटेचा वक्रच त्यांच्यासाठी चुकीचा आहे. उलट, डावं टोक वर आणि उजवं खाली असेल तर शेपटी बारीक, म्हणजे टोकाचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी.

हे सगळं वाचताना आकडे उभ्या अक्षावर आहेत ना, ते आधी पाहावं. काही प्रणाली ते आडव्या अक्षावर मांडतात. तसं असेल तर वाटी पालथी होते आणि जाड शेपूट बारीक दिसते.

आणि किती वाकलं म्हणजे वाकलं? खऱ्याखुऱ्या प्रसामान्य आकड्यांचेही ठिपके टोकांशी डुलतात, कारण तिथे साथीला आकडे थोडे असतात. माझी सवय अशी: आपल्याकडे जेवढे आकडे आहेत तेवढेच आकडे संगणकाकडून खऱ्या प्रसामान्य वितरणातून काढून घ्यायचे आणि असे वीसेक आलेख पाहून डोळ्याला नैसर्गिक डुलण्याचा अंदाज द्यायचा.

```
qqnorm(rnorm(66))
```

वीस आकड्यांच्या आलेखात बऱ्यापैकी वाकडी ओळही निव्वळ योगायोग असू शकते. ६६च्या आलेखात टोकाचे एकदोन ठिपके थोडे हलतात, पण उणे ४४इतका खोल पडलेला ठिपका कितीही वेळा काढून पाहिलं तरी दिसत नाही.

ते दोन आकडे काढून टाकले तर उरलेल्या ६४ची सरासरी २७.७५ आणि प्रमाण विचलन ५.१ होतं, आणि ठिपके रेषेवर छान बसतात. पण रांग लावताना आकड्यांचा मूळ क्रम आपण पुसून टाकलेला असतो. ते दोन्ही आकडे पहिल्या दहा मोजमापांत आले होते, हे क्यू-क्यू आलेख कधीच सांगत नाही. त्यासाठी आकडे ज्या क्रमाने नोंदले त्याच क्रमाने मांडून पाहावे लागतात. आणखीही एक गोष्ट त्याला दिसत नाही. प्रकाशाचा आज मान्य असलेला वेग धरला तर न्यूकमच्या मोजपट्टीवर उत्तर ३३ यायला हवं होतं. सरळ रेषेत शिस्तीने उभ्या असलेल्या त्या चौसष्टांपैकी चोपन्न आकडे ३३च्या खाली आहेत.