फळरसाचा खोका

फळरसाचा खोका म्हणजे पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख यांच्या थरांपासून बनवलेले, विटेच्या आकाराचे व बाजूस नळी चिकटवलेले निर्जंतुक वेष्टन होय. त्यात भरलेला रस शीतकपाटाबाहेर काही महिने टिकतो. बोलीभाषेत अशा कोणत्याही खोक्यास 'टेट्रा पॅक' म्हणतात. वस्तुतः ते एका मूळच्या स्वीडिश कंपनीचे नाव असून इतर कंपन्याही अशी वेष्टने बनवतात. जाहिरातींतील छायाचित्रांत स्वच्छ पार्श्वभूमीवर उभा असलेला, धारदार कडांचा, फळाचे चित्र व तिरकी खोचलेली नळी असलेला खोका हे या वेष्टनाचे सर्वपरिचित रूप आहे. त्याच्या कडा, चित्राची जागा व नळीचे छिद्र या तिन्ही गोष्टी केवळ शोभेच्या नाहीत. आतील रस सुरक्षित राहण्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

## इतिहास

रुबेन राउसिंग यांनी १९५१ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे टेट्रा पॅक ही कंपनी स्थापन केली. तिचे पहिले वेष्टन चार त्रिकोणी पृष्ठांचे, म्हणजे चतुष्फलक आकाराचे होते. 'टेट्रा' हा शब्द त्यावरूनच आला. चतुष्फलक बनवण्यास सोपा असला, तरी फळीवर रचण्यास व वाहून नेण्यास गैरसोयीचा होता. त्यामुळे १९६३ मध्ये विटेसारखा आयताकृती खोका आणि १९६९ मध्ये त्याचे निर्जंतुक रूप बाजारात आले. भारतात १९८५ मध्ये मुंबईच्या पार्ले अ‍ॅग्रो या कंपनीने 'फ्रूटी' हे आंब्याचे पेय अशा खोक्यातून आणले. काचेच्या बाटलीतील पेय दुकानातच पिऊन बाटली परत करण्याची सवय असलेल्या ग्राहकास पेय सोबत नेण्याची सोय त्यामुळे झाली.

## थरांची रचना

वजनाचा विचार केल्यास खोक्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग पुठ्ठ्याचा, सुमारे एक पंचमांश पॉलिथिलीन या प्लॅस्टिकचा आणि उरलेला अंदाजे पाच टक्के अ‍ॅल्युमिनियमचा असतो. पुठ्ठा ताठपणा देतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर चित्र छापलेले असते आणि छपाईवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ओल्या हाताने धरूनही शाई उतरत नाही. पुठ्ठ्याच्या आत केसाहूनही पातळ असा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख असतो. तो प्रकाश व प्राणवायू अडवतो. रसाचा रंग, स्वाद व क जीवनसत्त्व यांचा ऱ्हास प्रामुख्याने प्राणवायूमुळे होत असल्याने हा थर महत्त्वाचा ठरतो. वर्खाच्याही आत पुन्हा प्लॅस्टिक असते. रसाचा स्पर्श केवळ या प्लॅस्टिकलाच होतो. पुठ्ठा वा धातू यांच्याशी तो येत नाही.

## सपाट कागदापासून खोक्यापर्यंत

खोके तयार स्थितीत कारखान्यात येत नाहीत. येतो तो छापलेल्या कागदाचा मोठा गुंडाळा. छपाईच्या वेळीच कागदावर घड्यांच्या रेषा दाबून उमटवलेल्या असतात आणि नळीसाठी पुठ्ठ्याला छिद्र पाडलेले असते. हे छिद्र नंतर प्लॅस्टिक व वर्ख यांनी झाकले जाते. म्हणूनच नळीचे टोक त्या जागी सहज आत जाते, अन्यत्र जात नाही.

खोका किती कागद घेतो हे एका उदाहरणावरून समजते. खोक्याची रुंदी ६.५ सेंमी, जाडी ४ सेंमी आणि उंची ८.५ सेंमी आहे असे मानू. त्याचे घनफळ २२१ घन सेंमी होते, म्हणजे २०० मिली रसास तो पुरतो. चारही बाजू मिळून कागदाचा घेर २१ सेंमी लागतो. उभा कागद ८.५ सेंमी उंचीपुरता, आणि माथा व तळ यांसाठी प्रत्येकी जाडीच्या निम्मा दोन्ही बाजूंनी धरून एकूण आणखी ४ सेंमी, असा १२.५ सेंमी लागतो. सांध्यांसाठी दोन्ही दिशांना थोडा जास्तीचा कागद सोडावा लागतो.

या घेराची नळी चपटी केली की तिची रुंदी २१ च्या निम्मी, म्हणजे १०.५ सेंमी होते. खोक्याचा माथा मात्र ६.५ सेंमीच रुंद असतो. उरलेले ४ सेंमी दोन्ही बाजूंना २-२ सेंमीच्या त्रिकोणी कानांच्या रूपाने बाहेर येतात. वरचे कान खाली वळवून अरुंद बाजूंना, तर खालचे कान तळाखाली चिकटवतात. रिकाम्या खोक्याचे चारही कान सोडवले, की तो पुन्हा उशीसारखा चपटा होतो.

## निर्जंतुक भरणी

आंब्याचे पेय आम्लधर्मी असल्याने त्यात घातक जिवाणूंचे बीजाणू वाढू शकत नाहीत. त्यामुळे सामान्यतः ते सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत अर्धा मिनिटभर तापवून लगेच थंड केले तरी पुरते. दूध आम्लधर्मी नसल्याने त्यास १३५ अंशांहून अधिक तापमान, परंतु काही सेकंदच, द्यावे लागते.

रस निर्जंतुक झाला तरी कागद तसा नसतो. म्हणून भरणीयंत्रात कागद प्रथम सुमारे ३५ टक्के तीव्रतेच्या गरम हायड्रोजन पेरॉक्साइडमधून जातो. नंतर रुळांनी तो द्रव पिळून काढला जातो आणि उरलेला ओलावा गरम निर्जंतुक हवेने उडवला जातो. मग कागदाच्या दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून उभी नळी तयार होते. यातील आतली कड म्हणजे उघडा पुठ्ठाच असतो. तो रसात भिजू नये म्हणून त्यावर आतून प्लॅस्टिकची अरुंद पट्टी लावतात.

या नळीत रस सतत भरत असतो आणि आडवे सांधे रसाच्या पातळीखाली, रसातूनच दाबले जातात. यंत्राचे जबडे नळीस चिमटतात, तेव्हा मधला रस बाहेर ढकलला जातो. वर्खात प्रेरित झालेल्या विद्युत्प्रवाहाने उष्णता निर्माण होऊन प्लॅस्टिक वितळते आणि दाबाखालीच घट्ट होते. दोन सांध्यांच्या मध्ये कापले की भरलेली उशी सुटी होते. असा खोका काठोकाठ भरलेला असतो, त्यात हवा जवळजवळ नसते.

## छपाई, घडी आणि कड

छपाई व घडीरेषा एकाच फेरीत उमटत असल्याने त्यांचा मेळ पक्का असतो. भरणीयंत्राने मात्र जबडे नेमक्या जागी मिटावेत यासाठी कागदावर छापलेली एक खूण प्रकाशसंवेदकाने वाचावी लागते. ती वाचण्यात चूक झाल्यास सांधा वर-खाली सरकतो. अशा वेळी नाव वा फळाचे चित्र माथ्यावर चढलेले दिसते आणि घडी घडीरेषेबाहेर पडते. रेषेवर न पडलेली घडी बोथट दिसते आणि कोपऱ्यात, जिथे अनेक घड्या एकत्र येतात तिथे, वर्खावर ताण येऊन त्यास सूक्ष्म तडे जाऊ शकतात. त्यामुळे धारदार कड व जागच्या जागी असलेले चित्र ही यंत्र नीट जुळलेले असल्याची बाह्य खूण ठरते. अर्थात भरलेल्या खोक्याच्या बाजू रसाच्या दाबाने किंचित फुगीर असतात; छायाचित्रातील आरशासारखी सपाट बाजू प्रत्यक्षात क्वचितच आढळते.

## दोष व त्यांची लक्षणे

बहुतेक बिघाड सांध्यांत वा छिद्राच्या जागी होतात. आंब्याचा एखादा तंतू आडव्या सांध्यात अडकल्यास तिथे सूक्ष्म वाट राहते. म्हणून तंतुमय गर गाळून घेतात. आतली पट्टी सरकली तर पुठ्ठा रस शोषतो आणि उभ्या सांध्यालगत ओलसर डाग उमटतो. नळीच्या छिद्रावर पुठ्ठा नसल्याने वाहतुकीत टोकदार वस्तू लागून तेथील पडदा फाटण्याची शक्यता असते.

कारखान्यात नमुन्याचे खोके उघडून सांधे ताणून पाहतात, रंगीत द्रव घालून तो पुठ्ठ्यात उतरतो का हे तपासतात, तसेच खोका कापून मिठाच्या पाण्यात ठेवून आतून बाहेर विद्युत्प्रवाह वाहतो का हे मोजतात. प्लॅस्टिकचा आतला थर अखंड असेल तर प्रवाह वाहत नाही.

ग्राहकास फुगलेला माथा, चिकट कोपरा किंवा ओला डाग ही लक्षणे ओळखता येतात. यीस्ट वाढल्यास वायू तयार होऊन खोका फुगतो. असा खोका उघडू नये. परंतु बुरशी व काही उष्णतासह जिवाणू फारसा वायू निर्माण न करताच रस बिघडवतात. त्यामुळे न फुगलेला खोका चांगलाच असतो असे नाही; वास वा चव वेगळी लागल्यास तो टाकून द्यावा. लहान मुले नळीने थेट पितात, त्यांना आतले दिसत नाही. म्हणून अशा वेळी थोडा रस पेल्यात ओतून पाहणे इष्ट ठरते. याउलट केवळ कान सुटलेला असणे हा दोष नव्हे, कारण त्याने सांधा उघडत नाही. उघडलेला खोका निर्जंतुक राहत नाही. तो शीतकपाटात ठेवून लवकर संपवावा लागतो.

## फळाचे चित्र

चित्रातील फळ आणि आतील फळाचे प्रमाण यांत मोठे अंतर असू शकते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार 'फ्रूट ड्रिंक' प्रकारच्या पेयात किमान १० टक्के, तर लिंबाच्या पेयात किमान ५ टक्के फळांश असावा लागतो. म्हणजे २०० मिलीच्या खोक्यात किमान २० मिली फळांश असला, तरी नियम पाळला जातो; उर्वरित भाग मुख्यतः पाणी व साखर यांचा असतो. लेबलवरील शब्दांनी वा चित्राने एखाद्या घटकावर भर दिला असल्यास त्या घटकाची टक्केवारी छापणे २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार आवश्यक आहे. २०२४ मध्ये प्राधिकरणाने संहत रसात पाणी मिसळून बनवलेल्या रसांच्या वेष्टनांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढण्याचा आदेश दिला.

चित्र स्वतःच दिशाभूल करू शकते, हे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१५ मध्ये एका जर्मन चहाच्या प्रकरणात मान्य केले. त्या चहाच्या खोक्यावर रासबेरी व व्हॅनिलाची फुले रेखाटलेली होती, चहात मात्र त्या दोहोंचा अंशही नव्हता. घटकांची यादी अचूक होती, तरी केवळ तेवढ्याने चुकीचा समज दूर होईलच असे नाही, असे न्यायालयाने म्हटले.

## नळी आणि वापरानंतरची विल्हेवाट

भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर बंदी आली. त्यानंतर खोक्यांना कागदाच्या वा विघटनशील पदार्थाच्या नळ्या लावल्या जाऊ लागल्या. कागदी नळीचे टोक पडदा फोडण्याइतके ताठ राहून पिणे संपेपर्यंत भिजून मऊ होऊ नये, ही तिची मुख्य अडचण आहे.

रिकाम्या खोक्यांचा पुनर्वापर करताना ते पाण्यात घुसळून पुठ्ठ्याचा लगदा वेगळा करतात. उरलेले प्लॅस्टिक व अ‍ॅल्युमिनियम सहजी सुटे होत नाहीत. त्यांचे तुकडे एकत्र तापवून व दाबून छपराचे पत्रे आणि बाकांसाठी फळ्या बनवतात. त्यासाठी खोका रिकामा करून, चारही कान सोडवून व चपटा करून सुक्या कचऱ्यात देणे आवश्यक असते. आत रस राहिलेला खोका बुरशीयुक्त होतो आणि सोबतचा कागदही निरुपयोगी करतो.