लॅमिनेटच्या आत काय आहे?

फर्निचरच्या दुकानात ‘हे प्लायचं आहे ना?’ असं विचारलं की ‘इंजिनिअर्ड वूड आहे, एकदम मजबूत’ असं उत्तर येतं. उत्तर खोटं नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड हे तिन्ही त्याच नावाखाली विकले जातात. तिन्हींवर एकच सागवानी छापाचं लॅमिनेट चढवलं, तर मुरलेल्या सुतारालाही वरून ओळखता येणं कठीण. खरं काय ते बोर्डाच्या कापलेल्या कडेवर दिसतं.

पण समोरची कड पीव्हीसीच्या पट्टीने झाकलेली असते. पट्टीवर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतील तर त्याच बघून फसायला होतं. तेव्हा पट्टी न लावलेली जागा शोधायची. कपाटाचा सुटा कप्पा बाहेर काढून त्याची मागची कड पाहा. टीव्ही युनिटला वायरसाठी पाडलेलं भोक, ड्रॉवरच्या तळाची खाच किंवा जमिनीला टेकणारी बाजूही चालते. धूळ पुसून मोबाइल अगदी जवळ न्या आणि दुसऱ्याच्या मोबाइलचा उजेड बाजूने तिरका पाडा. समोरून फ्लॅश मारला की खळगे सपाट दिसतात. फोटो घरी पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जाऊन बारीक कण पुसट होतात आणि पार्टिकल बोर्ड एमडीएफसारखा दिसू लागतो.

समजा, अशा सुट्या कप्प्याच्या मागच्या कडेचा फोटो हातात आहे आणि जाडी 18 मिमी आहे. आधी आडव्या रेषा शोधायच्या. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेले. पुढच्या पापुद्र्याचे तंतू आधीच्याला काटकोनात ठेवतात, म्हणजे हवा बदलली तरी बोर्ड फारसा वाकत नाही. त्यामुळे कडेवर एक पट्टा गुळगुळीत, लांब तंतूंचा आणि पुढचा गडद, खरखरीत, टोकं वर आलेला, असे पट्टे आलटूनपालटून दिसतात. मधे काळी पोकळी दिसली तर आतला पापुद्रा तिथे अपुरा पडला आहे. तिथे स्क्रू बसला तर धरणार नाही. मधोमध जाड चौकोनी पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या तर तो ब्लॉकबोर्ड, प्लाय नव्हे.

आपल्या फोटोत रेषा नाहीत. आता फोटो मोठा करून मधला भाग बघा. लहान-मोठ्या चिपा, त्यांच्यामध्ये बारीक भोकं आणि तिरक्या उजेडात पडलेल्या सावल्या दिसल्या, तर तो पार्टिकल बोर्ड. सहसा वरच्या-खालच्या बाजूला भुसा बारीक आणि घट्ट असतो, मध्यभागी जाड आणि सैल. एमडीएफमध्ये लाकूड पार तंतूंपर्यंत फोडलेलं असतं. म्हणून कितीही मोठं केलं तरी चिपा दिसत नाहीत, तपकिरी सपाट रंगच दिसतो. हिरवट छटा दिसली तर तो ओलावा-रोधक बोर्ड असल्याची खूण मानतात, पण तो केवळ रंग असतो. त्यावर भिस्त ठेवू नये.

आपल्या कप्प्यात मधे चिपा दिसताहेत, म्हणजे पार्टिकल बोर्ड. पण म्हणून अख्खं कपाट तसंच असेल असं नाही. दारावर कोरलेली नक्षी असेल तर दार बहुधा एमडीएफचं, कारण पार्टिकल बोर्ड कोरला की चिपा उडतात. मागचा पातळ पत्रा आणखी वेगळा असू शकतो. त्यामुळे दार, बाजू आणि कप्पा यांचे वेगवेगळे फोटो घ्यावेत. मला विचाराल तर बाजूचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण बिजागऱ्यांचे स्क्रू तिथे बसतात आणि पार्टिकल बोर्डाच्या सैल मध्यभागातून ते पुनःपुन्हा काढले-लावले की ढिले पडतात. सुक्या खोलीतल्या, कमी ओझ्याच्या कपाटाला हा बोर्ड चालतो. सिंकखाली मात्र नको. पाणी मुरून कड फुगली की ती पूर्वीसारखी होत नाही.

प्लायच निघाला तरी त्यातला गोंद पाण्याला किती टिकेल हे फोटोत दिसत नाही. एमआर, बीडब्ल्यूआर आणि मरीन या प्रतींच्या कडा सारख्याच दिसतात. पहिल्या दोन प्रती भारतीय मानक 303 मध्ये येतात, मरीन 710 मध्ये. शिक्का बोर्डाच्या पृष्ठभागावर असतो आणि तयार कपाटात तो लॅमिनेटखाली गेलेला असतो. म्हणून बिलावर बाजू, दार आणि कप्पा यांना कोणता बोर्ड, कोणत्या प्रतीचा, किती मिमीचा, हे वेगवेगळं लिहून घ्यावं. ‘इंजिनिअर्ड वूड’ एवढंच लिहिलं असेल तर ते दुरुस्त करून मागावं.