गणपतीनंतरचं डाएट, संक्रांतीतली केसगळती

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जानेवारी-फेब्रुवारीत एक तक्रार हमखास ऐकू येते. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका अडकतो, उशीवर केस, कणकेत केस, कंगवा तर बघवत नाही. तेल बदललं, शॅम्पू बदलला, टँकरच्या पाण्याला दोष देऊन झाला. डॉक्टर मात्र वेगळंच विचारतात: तीन-चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं? डेंग्यू? बाळंतपण? ऑपरेशन? की वजन झपाट्यानं कमी केलं?

नमुन्यादाखल तिशीतल्या एका नोकरदार बाईचं उदाहरण घेऊ. अशा अनेकींच्या हकिगती मिळून ते तयार झालं आहे. वजन 74 किलो. नोव्हेंबरअखेरीस बहिणीचं लग्न, म्हणून गणपती विसर्जनानंतर तिनं डाएट सुरू केलं. सकाळी लिंबू-मधाचं पाणी आणि वाटीभर पपई, दुपारी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि पेलाभर ताक, चार वाजता ग्रीन टी आणि दोन खाकरे, रात्री दुधीचं सूप आणि एक सफरचंद. लग्नापर्यंत 13 किलो उतरले. फोटो छान आले. संक्रांतीच्या सुमारास केस गळायला लागले. तोवर ती पुन्हा पोळी-भाजी खाऊ लागली होती, त्यामुळे गळतीचा संबंध डाएटशी असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

हा चार महिन्यांचा उशीर समजला की बाकीचं बरंचसं उलगडतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं मूळ आपापल्या वेळापत्रकानं चालतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते आणि सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता टिकून राहतो. या विश्रांतीच्या काळाला वैद्यकात ‘टेलोजन’ म्हणतात. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. कोणत्याही दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा हजार केस विश्रांतीत असतात. ते शंभर दिवसांत गळायचे म्हटल्यावर रोज शंभरेक केस जाणारच. ही गळती आजाराची नव्हे.

अन्न अचानक तुटलं की हे वेळापत्रक कोलमडतं. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वात वेगानं विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना ऊर्जा आणि कच्चा माल सतत लागतो. हृदय, मेंदू, यकृत यांचं काम थांबवता येत नाही, केसांचं येतं. त्यामुळे अजून वर्ष-दोन वर्षं वाढले असते असे हजारो केस एकदमच विश्रांतीत जातात. दहा हजारांऐवजी तीस हजार केस त्या अवस्थेत गेले, तर तीन महिन्यांनी रोज शंभराऐवजी तीनशे गळतील. कंगव्यात दिसणारा केस आज तुटलेला नसतो. त्याची वाढ ऑक्टोबरातच थांबलेली असते.

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या गळतीला ‘टेलोजन एफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. पुढे 1976 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डाएट करणाऱ्या नऊ जणांची नोंद आली. वजन उतरवण्याचा कडक कार्यक्रम सुरू केल्यावर दोन ते पाच महिन्यांत त्यांचे केस भरमसाट गळू लागले होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केस याच जातीचे. ‘बाळंतीण आहे, गळणारच’ असं घरातल्या बायका सहज सांगतात. डाएटनंतरच्या गळतीलाही तोच नियम लागू होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता तिच्या त्या ताटाचा हिशेब मांडू. दिवसाला जेमतेम सहाशे कॅलरी आणि प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आतच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 74 किलोच्या बाईला 61 ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून तज्ज्ञ याहून थोडी जास्तच सुचवतात. केस जवळजवळ पूर्णपणे केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो, पण प्रथिनांचं महत्त्व तेवढ्यापुरतं नाही. अन्न कमी पडलं की शरीर गरजेची प्रथिनं स्वतःच्या स्नायूंतून काढू लागतं आणि नवं बांधकाम थांबवतं. इतक्या तुटपुंज्या कॅलरीत प्रथिनांची पावडर घेतली, तरी तिचा मोठा हिस्सा इंधन म्हणून जळून जातो. म्हणून आधी पोट भरेल इतकं अन्न आणि मग त्यात पुरेशी प्रथिनं, हा क्रम उलटा करून चालत नाही.

लोहाची गोष्ट याहून जुनी असते. ती डाएटच्या आधीच सुरू झालेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाळीच्या प्रत्येक खेपेत सर्वसाधारणपणे पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या रोजच्या आहारात 29 मिलिग्रॅम लोह असावं अशी शिफारस आहे, कारण डाळ-भाजीतलं लोह थोडंच शोषलं जातं. पपई-काकडी-दुधीच्या ताटात पाच मिलिग्रॅमही भरत नाही. अशा वेळी शरीर साठ्यातलं लोह उपसतं.

इथेच तपासणीत एक फसगत होते. हिमोग्लोबिन 12.1 आलं की ‘रक्त ठीक आहे’ म्हणून विषय संपवला जातो. पण हिमोग्लोबिन सर्वात शेवटी उतरतं, त्याआधी साठा रिकामा होतो. साठा दाखवतं ते फेरिटिन. आपल्या उदाहरणातल्या बाईचं फेरिटिन 11 निघालं असं धरू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये 15 च्या खाली साठा संपला असं मानते. केसांसाठी फेरिटिन नेमकं किती असावं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. काही जण 40 पुरे म्हणतात, काही 70 पर्यंत न्यायला सांगतात. 11 हा आकडा मात्र कुणाच्याही हिशेबानं कमीच. एक सावधगिरी हवी: ताप, संसर्ग किंवा शरीरात कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून आजारपणातला अहवाल जपून वाचावा.

लोहाच्या गोळीसोबत चहा घेतला तर शोषण चांगलंच घटतं. लिंबू, आवळा, पेरू सोबत असले तर वाढतं. गोळी रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्यास तिच्यातला अधिक हिस्सा शोषला जातो, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. पोटही कमी बिघडतं. अळिवाचे लाडू चांगलेच, पण एका लाडवात अळीव चमचाभर असतं. रिकामा साठा तेवढ्यावर भरत नाही.

जस्त, म्हणजे झिंक, या तिघांत सर्वात कमी समजून घेतलं जातं. पेशींचं विभाजन आणि प्रथिनांची जडणघडण यांना ते लागतं, त्यामुळे तुटवडा झाला तर केस गळतात हे खरं. पण नुसत्या जस्ताच्या अभावी गळती ही तुलनेनं क्वचितच. तोंडाच्या कडेला चट्टे, जुलाब, जखम भरायला उशीर, चव मंदावणं अशी लक्षणं असतील किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर संशय बळावतो. मटण, अंडी, तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया, हरभरा यांतून जस्त मिळतं. कडधान्यांतला फायटेट नावाचा घटक जस्त आणि लोह दोन्ही अडवतो. भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं की तो कमी होतो. मोडाची मटकी आणि आंबोळी यांचा हा गुण डाएटच्या यादीत क्वचितच सापडतो.

आणि जस्त जास्त झालं तर? रोज 40 मिलिग्रॅमपेक्षा अधिक जस्त महिनोन्‌महिने घेत राहिल्यास शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून वेगळाच रक्तक्षय उद्भवतो. ‘अ’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचा अतिरेक तर थेट केस गाळतो. बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या आसपासच्या गावांत 2024 सरताना आणि 2025 उजाडताना लोकांना अचानक टक्कल पडू लागलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासलेल्या नमुन्यांत सेलेनियम बरंच जास्त आणि जस्त कमी असल्याचं सांगितलं होतं. केसांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन-तीन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी पाकिटामागचे आकडे बेरीज करून पाहावेत. बायोटिनची कमतरता फारच विरळा, आणि मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतं. तपासणीपूर्वी ते घेत असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

गळती याच प्रकारची आहे हे ओळखायचं कसं? केस सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात, गोल चकती पडत नाही. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक गाठोळा दिसतो. तो पाहून मुळापासून केस गेला म्हणून बायका घाबरतात, पण मूळ जागेवरच असतं. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात. पाच-सहापेक्षा जास्त केस हाती आले तर गळती चालू आहे. भांग मात्र वर्षानुवर्षं रुंदावत असेल तर ती आनुवंशिक गळती असू शकते आणि डाएटनं ती फक्त उघडी पाडलेली असते. तिचे उपचार वेगळे. थायरॉइड तपासणं दोन्हींत गरजेचं.

भूक कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही हेच लागू पडतं. वजन उतरवण्यासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या प्रौढांपैकी 3 टक्क्यांनी, तर खोटं औषध घेणाऱ्यांपैकी 1 टक्क्यानं केसगळती सांगितली. वजन जितकं वेगानं उतरतं, तितका हा धोका वाढतो. औषधानं भूकच लागत नाही, म्हणून जे चार घास जातात त्यांत आधी अंडं, मासा, पनीर किंवा डाळ हवी.

त्या बाईच्या ताटात आता दोन अंडी, वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ, दाट वरण, शंभर ग्रॅम पनीर किंवा मासा, वाटीभर दही, दोन भाकरी आणि मूठभर शेंगदाणे आले, की प्रथिनं साठ ग्रॅमपर्यंत पोचतात. अंडी न खाणाऱ्या घरात तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या पंधरा ग्रॅम प्रथिनं देतात. वजन पुन्हा कमी करायचं असेल तर आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो हा वेग. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणं भाग आहे.

ताट सुधारल्यावर गळती लगेच थांबत नाही, कारण विश्रांतीत गेलेले केस गळून जावेच लागतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत ती ओसरते. कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसू लागले की नवी वाढ सुरू झाली. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे शेपटा पूर्वीइतका जाड व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. लोह सुरू केल्यावर तीनेक महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासतात. ते वर येऊनही सहा महिन्यांनंतर गळती तशीच राहिली, तर कारण दुसरंच काही आहे असं धरून तपासणी नव्यानं सुरू करावी लागते.